बाण आडवा, प्रवास उभा

कॉम्प्युटर नेटवर्क्स या विषयाच्या कोणत्याही स्लाइड-संचात दोन चित्रं हमखास असतात. पहिल्यात एकावर एक रचलेले चौकोन असतात. सगळ्यात वर ॲप्लिकेशन लेअर, त्याखाली ट्रान्सपोर्ट, मग नेटवर्क, लिंक आणि तळाशी फिजिकल. दुसऱ्या चित्रात दोन उभ्या रेषा असतात, डावीकडे क्लायंट आणि उजवीकडे सर्व्हर. त्यांच्यामध्ये तीन तिरपे बाण काढलेले असतात. पहिल्यावर सिन लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर सिन-ॲक, तिसऱ्यावर ॲक. हाच टीसीपीचा थ्री-वे हँडशेक.

जेम्स कुरोस आणि कीथ रॉस यांचं पाठ्यपुस्तक आणि त्याच्या स्लाइड्स जगभरच्या अभियांत्रिकी वर्गांत वापरल्या जातात. त्यात थरांचं चित्र पहिल्या प्रकरणात येतं आणि हँडशेकचं तिसऱ्या. मधे कित्येक आठवड्यांचा अभ्यास होऊन जातो. त्यामुळे बऱ्याच विद्यार्थ्यांच्या मनात हे दोन वेगळे धडे होऊन बसतात. थर पाठ असतात, हँडशेकही पाठ असतो, पण हँडशेकचा पहिला बाण थरांच्या चित्रात कुठे काढायचा असं विचारलं की गडबड होते. खरं तर ही एकाच घटनेची दोन दृश्यं आहेत. थरांचं चित्र एका यंत्राच्या आत वरून खाली काय घडतं ते दाखवतं. हँडशेकचं चित्र दोन यंत्रांमधल्या एकाच थराचा संवाद दाखवतं, आणि बाकीचे थर तिथे लपवलेले असतात. ते लपलेले थर पुन्हा काढून पाहिले की दोन्ही चित्रं एकमेकांत बसतात.

त्यासाठी एकच बाण घेऊ. घरातल्या लॅपटॉपवर आपण एक सुरक्षित संकेतस्थळ उघडतो आहोत. लॅपटॉपचा आयपी पत्ता १९२.१६८.१.५ आहे आणि घरच्या राउटरचा १९२.१६८.१.१. दूरच्या सर्व्हरचा पत्ता २०३.०.११३.१० आहे असं धरू. नावावरून पत्ता शोधण्याचं काम आधीच झालं आहे. आता ब्राउझर ऑपरेटिंग सिस्टिमला एवढंच सांगतो, की या पत्त्याच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टशी मला जोडून दे. ॲप्लिकेशन लेअरचं काम इथे थांबतं. त्याने अजून एक अक्षरही पाठवायला दिलेलं नाही.

ट्रान्सपोर्ट लेअरमधलं टीसीपी आता एक हेडर तयार करतं. त्यात आपल्या बाजूचा पोर्ट क्रमांक असतो, समजा ५१५१४. समोरचा पोर्ट ४४३ असतो. शिवाय सुरुवातीचा एक अनुक्रमांक असतो आणि सिन नावाचा एक बिट चालू केलेला असतो. हेडरच्या शेवटी काही पर्याय जोडलेले असतात. लिनक्सवर नेहमीच्या पर्यायांसह हे हेडर ४० बाइट भरतं. हे हेडर खाली नेटवर्क लेअरकडे जातं. आयपी त्यावर स्वतःचं २० बाइटचं हेडर चढवतं, त्यात लॅपटॉपचा आणि सर्व्हरचा पत्ता असतो. मग लिंक लेअर इथरनेटचं १४ बाइटचं हेडर चढवतो. बेरीज ७४ बाइट. पॅकेट पकडून दाखवणाऱ्या वायरशार्कसारख्या साधनात सिनच्या ओळीपुढे बहुतेक वेळा हाच आकडा दिसतो.

या ७४ बाइटमध्ये वापरकर्त्याची माहिती शून्य आहे. सगळी नुसती हेडरं आहेत. थरांच्या चित्रात पाकीट तयार होताना वरून संदेश येतो आणि प्रत्येक थर त्याला आपलं हेडर लावतो असं दाखवतात. हँडशेकच्या वेळी वरचा चौकोन रिकामा असतो आणि पाकिटाचा जन्मच ट्रान्सपोर्ट लेअरमध्ये होतो. हँडशेक नेमका कोणत्या थराचा, या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं.

आता इथरनेटच्या हेडरकडे नीट पाहा. आयपी हेडरमधला 'कोणाकडे' हा रकाना दूरच्या सर्व्हरचा आहे, पण इथरनेट हेडरमधला 'कोणाकडे' हा रकाना घरच्या राउटरचा आहे. लिंक लेअरला फक्त पुढच्या टप्प्यापर्यंत पोहोचवायचं असतं. राउटर ते पाकीट घेतो, लिंक लेअरचं हेडर काढून टाकतो, आतला आयपी पत्ता वाचतो आणि पुढच्या टप्प्यासाठी लिंक लेअरचं नवं हेडर लावून पाकीट पुढे ढकलतो. वाटेतला प्रत्येक राउटर हेच करतो. पाकीट शेवटी सर्व्हरपाशी पोहोचतं. तिथे ते थर चढत वर जातं आणि ट्रान्सपोर्ट लेअरपाशी येऊन थांबतं. त्याच्या वर, म्हणजे सर्व्हरच्या वेब प्रोग्रामपर्यंत, ते जातच नाही. स्लाइडवरचा एक तिरपा बाण म्हणजे हा एवढा प्रवास: एका टोकाला तीन थर खाली, वाटेत प्रत्येक राउटरवर नेटवर्क लेअरपर्यंत चढ-उतार, आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा तीन थर वर. बाण तिरपा काढतात कारण वेळ वरून खाली सरकत असतो आणि या प्रवासाला वेळ लागतो.

तीनही बाण `tcpdump -S` या आज्ञेत असे दिसतात. वाचायला सोपं जावं म्हणून ओळी आखूड केल्या आहेत आणि अनुक्रमांक लहान घेतले आहेत. प्रत्यक्षात ते ३२ बिटांचे, सहज अंदाज करता येणार नाही असे आकडे असतात.

```
192.168.1.5.51514 > 203.0.113.10.443: Flags [S], seq 1000, options [mss 1460], length 0
203.0.113.10.443 > 192.168.1.5.51514: Flags [S.], seq 5000, ack 1001, options [mss 1460], length 0
192.168.1.5.51514 > 203.0.113.10.443: Flags [.], ack 5001, length 0
```

S म्हणजे सिन आणि टिंब म्हणजे ॲक. लॅपटॉप म्हणतो, माझी मोजणी १००० पासून सुरू होते. सर्व्हर एकाच पाकिटात दोन गोष्टी सांगतो: तुझा १००० मिळाला, आता १००१ येऊ दे, आणि माझी मोजणी ५००० पासून सुरू होते. लॅपटॉप त्याला पोच देतो, ५००१ येऊ दे. प्रत्येक ओळीच्या शेवटी लांबी शून्य आहे, तरी पोच देताना आकडा एकने वाढला आहे. याचं कारण टीसीपी सिनलाच एका बाइटइतकं मोजतं. सिन वाटेत हरवला तर तोही पुन्हा पाठवता यावा आणि त्याचीही पोच घेता यावी, म्हणून ही सोय.

बाण तीनच का, याचं उत्तर थरांच्या चित्रातल्या खालच्या चौकोनात आहे. १९७४ साली व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी आपला प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला, तेव्हा पाकीट पोहोचवणं आणि ते नीट पोहोचल्याची खात्री करणं ही दोन्ही कामं एकाच प्रोटोकॉलमध्ये होती. १९७८ मध्ये त्यांची फाळणी झाली. आयपीकडे फक्त पोहोचवण्याचा प्रयत्न करण्याचं काम राहिलं आणि खात्री टीसीपीकडे गेली. आयपी कसलंच वचन देत नाही. पाकीट हरवू शकतं, दोनदा येऊ शकतं, वाटेत कुठेतरी रेंगाळून उशिरा पोहोचू शकतं. वरच्या थराला विश्वासाने बाइट मोजायचे असतील तर मोजणी कुठून सुरू होते हे दोन्ही टोकांनी आधी ठरवावं लागतं. दोन आकडे सांगायचे आणि दोघांची पोच घ्यायची म्हणजे खरं तर चार निरोप झाले. सर्व्हरचे दोन निरोप एका पाकिटात मावतात, म्हणून तीन.

मग दोन बाणांत का भागत नाही? कुरोस-रॉस यांच्या स्लाइड्समध्ये यासाठी एक स्वतंत्र पान आहे आणि ते घाईने उलटू नये असं मला मनापासून वाटतं. समजा लॅपटॉपचा सिन वाटेत रेंगाळला. लॅपटॉपने कंटाळून दुसरा पाठवला, जोडणी झाली, काम उरकलं, जोडणी बंदही झाली. त्यानंतर तो जुना सिन सर्व्हरपाशी पोहोचला. दोनच बाणांची पद्धत असती तर सर्व्हरने उत्तर पाठवून जोडणी झाली असं धरलं असतं आणि समोर कोणी नसताना तिच्यासाठी मेमरी राखून ठेवली असती. तीन बाणांच्या पद्धतीत सर्व्हरचं सिन-ॲक लॅपटॉपकडे येतं. लॅपटॉपला अशी कोणती जोडणी आठवत नाही, म्हणून तो रीसेट पाठवतो आणि सर्व्हर ती अर्धवट जोडणी पुसून टाकतो. तिसरा बाण म्हणजे सर्व्हरला मिळालेला पुरावा, की समोरचा आत्ता, या क्षणी बोलतो आहे.

या जोडणीची आठवण फक्त दोन टोकांपाशी असते. क्लायंटच्या रेषेशेजारी स्लाइडवर `SYN-SENT` आणि मग `ESTABLISHED` असं लिहिलेलं असतं, ते त्या यंत्राच्या मेमरीतल्या एका नोंदीचं नाव आहे. लिनक्सवर `ss -tan` ही आज्ञा दिली तर हीच नावं समोर येतात, फक्त `ESTABLISHED` तिथे `ESTAB` असं आखूड दिसतं. मधल्या इंटरनेटवरच्या राउटरांना जोडणी झाल्याचा पत्ताच नसतो. त्यांच्या दृष्टीने तीन सुटी पाकिटं गेली, बस. घरचा राउटर याला अपवाद आहे. तो घरातला खासगी पत्ता बदलून बाहेरचा सार्वजनिक पत्ता लावतो आणि उत्तर कोणत्या उपकरणाकडे परत द्यायचं हे लक्षात ठेवतो. त्यासाठी त्याला ट्रान्सपोर्ट हेडरमधले पोर्ट वाचावे लागतात. चित्रात नेटवर्क लेअरपर्यंतच काढलेला हा डबा प्रत्यक्षात एक थर वर डोकावत असतो.

सात थरांचं ओएसआय मॉडेल शिकवणाऱ्या स्लाइड्समध्ये इथे एक खड्डा आहे. त्यातल्या पाचव्या थराचं नाव सेशन लेअर आणि त्यापुढे लिहिलेलं असतं, 'संवाद सुरू करणं, चालवणं आणि बंद करणं'. साहजिकच परीक्षेत अनेक जण हँडशेक सेशन लेअरमध्ये टाकतात. आयएसओने ओएसआयचा मानक दस्तऐवज १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. टीसीपीचा दस्तऐवज, आरएफसी ७९३, त्याआधीच सप्टेंबर १९८१ मध्ये आला होता. टीसीपी ओएसआयच्या साच्यात घडवलेलं नाही, त्यामुळे त्याची जोडणी उभारण्याची सगळी जबाबदारी ट्रान्सपोर्ट लेअरमध्येच आहे. टीएलएसचा हँडशेक हा वेगळा. तो टीसीपीच्या तीन बाणांनंतर, त्यांनी उभ्या केलेल्या जोडणीतून जातो, आणि टीसीपीच्या दृष्टीने ती वरून आलेली साधी माहिती असते. वायफायला जोडताना होणारा चार निरोपांचा हँडशेक त्याहून वेगळा, तो लिंक लेअरचा. नावं सारखी असली तरी थर निराळे आणि क्रम ठरलेला: खालचा पूर्ण झाल्याशिवाय वरचा सुरू होत नाही.

हे जोडून पाहण्याचा रोजचा उपयोग बिघाड शोधताना होतो. जोडणी झाली नाही तर ती कशी झाली नाही यावरून थर ओळखता येतो. सिन पाठवल्यावर लगेच `Connection refused` आलं, तर समोरून रीसेट आला आहे. म्हणजे खालचे थर बहुधा ठणठणीत आहेत, त्या पोर्टवर कोणी ऐकत बसलेलं नाही एवढंच. बराच वेळ काहीच न होता शेवटी `Connection timed out` आलं, तर सिन किंवा त्याचं उत्तर वाटेत कुठेतरी गिळलं गेलं आहे, आणि पहिला संशय फायरवॉलवर जातो. या काळात टीसीपी सिन पुन्हा पुन्हा पाठवत असतं. प्रमाणित पद्धतीनुसार आधी एक सेकंद थांबायचं आणि मग प्रत्येक वेळी दुप्पट. `No route to host` आलं तर तक्रार बहुधा नेटवर्क लेअरची किंवा त्याखालची असते: वाटेतल्या कोणीतरी पोहोचवता येत नाही असं कळवलं, किंवा आपल्याच नेटवर्कवर पुढच्या टप्प्याचं यंत्र सापडलं नाही.

सगळ्यात शिकवणारा बिघाड मात्र हँडशेक व्यवस्थित पार पडल्यानंतरचा असतो. पिंग जातं. `ss` मध्ये जोडणी `ESTAB` दिसते. तरी पान उघडत नाही, ब्राउझर टीएलएसच्या टप्प्यावर अडकून राहतो. दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळाचं पान मात्र झटकन येतं. थरांचं चित्र आणि हँडशेकचं चित्र वेगवेगळं शिकलेल्या माणसाला हे कोडं सुटत नाही, कारण उत्तर दोन्हींच्या सांध्यात आहे.

हँडशेकच्या दोन ओळींत `mss 1460` असा पर्याय होता. याचा अर्थ, एका पाकिटात मला जास्तीत जास्त १४६० बाइट माहिती पाठव. हा आकडा ट्रान्सपोर्ट लेअरमधून येत असला तरी त्याचं मूळ सगळ्यात खाली आहे. इथरनेटची फ्रेम एका वेळी १५०० बाइटचं पाकीट वाहते. त्यातून आयपीचे २० आणि टीसीपीचे २० बाइट वजा केले की १४६० उरतात. वरच्या थराने खालच्या थराची मर्यादा ओळखून समोरच्याला कळवलेली असते, आणि हे कळवण्याची जागा फक्त सिन असलेल्या पाकिटात असते.

आता भारतात घरोघरी असलेलं फायबर ब्रॉडबँड घ्या. अनेक ठिकाणी राउटरमध्ये वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड टाकून पीपीपीओई नावाच्या पद्धतीने जोडणी होते. ही पद्धत प्रत्येक फ्रेममध्ये स्वतःचे ८ बाइट खाते, त्यामुळे पाकिटाला १५०० ऐवजी १४९२ बाइटच मिळतात. लॅपटॉपला हे माहीत नसतं. त्याच्या आणि राउटरच्या मधला रस्ता पूर्ण १५०० चा असतो, म्हणून तो हँडशेकमध्ये निष्ठेने १४६० सांगतो. हँडशेकची पाकिटं फार तर ७४ बाइटची, ती कुठूनही सुटतात. पिंगचं नेहमीचं पाकीटही छोटंच. पण सर्व्हर आपलं प्रमाणपत्र पाठवायला लागला की पाकीट भरून १५०० बाइटचं होतं. सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या टोकाला ते १४९२ च्या रस्त्यात मावत नाही. त्यावर 'तुकडे करू नका' अशी खूण असते, म्हणून तिथला राउटर ते टाकून देतो आणि पाकीट लहान करा असा आयसीएमपी निरोप सर्व्हरला पाठवतो. सर्व्हरच्या बाजूला कोणी आयसीएमपी सरसकट अडवलं असेल तर हा निरोप पोहोचत नाही. सर्व्हर तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि इकडे काहीच येत नाही. एखादंच संकेतस्थळ अडतं याचं कारणही हेच. ज्या सर्व्हरांना निरोप मिळतो ते पाकीट लहान करून मोकळे होतात.

ओळखायची रीत सोपी आहे. लिनक्सवर तुकडे न करण्याची अट घालून मोठं पिंग पाठवायचं:

```
ping -M do -s 1472 203.0.113.10
ping -M do -s 1464 203.0.113.10
```

पिंगच्या माहितीत हेडरांचे २८ बाइट मिळवा. पहिलं पाकीट १५०० बाइटचं होतं आणि दुसरं १४९२ बाइटचं. पहिलं अडलं आणि दुसरं गेलं तर रस्ता पूर्ण १५०० चा नाही हे नक्की, आणि त्याची रुंदी बहुधा १४९२ आहे.

यावरचा इलाज हँडशेकमध्येच आहे. घरचा राउटर जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रत्येक सिन पाकिटात डोकावतो आणि १४६० खोडून १४५२ लिहितो. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये हा नियम असा असतो:

```
iptables -t mangle -A FORWARD -p tcp --tcp-flags SYN,RST SYN -j TCPMSS --clamp-mss-to-pmtu
```

हा नियम शांतपणे वाचला की दोन्ही स्लाइड्स त्यात दिसतात. `--tcp-flags SYN,RST SYN` हा भाग हँडशेकच्या चित्रातले पहिले दोन बाण निवडतो, कारण आकडा फक्त त्यांच्यात असतो. `--clamp-mss-to-pmtu` हा भाग थरांच्या चित्राच्या तळातली मर्यादा त्या बाणांत लिहितो. पीपीपीओईची जोडणी करणाऱ्या बऱ्याच राउटरांत हे आपोआप होतं, म्हणून बहुतेक घरांत हा त्रास जाणवत नाही. आपल्या घरी तो होतो की नाही हे tcpdump मध्ये तपासता येतं. ओळखीच्या सर्व्हरकडून आलेल्या सिन-ॲकमध्ये १४६० ऐवजी १४५२ दिसलं, तर तो आकडा बहुधा वाटेतल्या राउटरने लिहिलेला असतो.

म्हणून शिकवणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. हँडशेकची स्लाइड जशी आहे तशीच ठेवावी, पण तिच्या पुढे आणखी एक स्लाइड जोडावी. क्लायंटच्या रेषेच्या जागी पूर्ण पाच थर काढावेत, सर्व्हरच्या जागीही पाच, आणि मधे तीन थरांचा एक राउटर. मग सिनची रेघ एका ट्रान्सपोर्ट चौकोनापासून निघून खाली उतरावी, राउटरमध्ये नेटवर्क लेअरपर्यंत चढून पुन्हा उतरावी आणि पलीकडच्या ट्रान्सपोर्ट चौकोनात येऊन संपावी. वरचे दोन चौकोन रिकामे सोडावेत. लिंक लेअरच्या चौकोनाशेजारी १५०० लिहावं, सिनच्या रेघेवर १४६० लिहावं, आणि वर्गाला विचारावं की मधली एक जोडणी १४९२ ची असेल तर काय होईल. या प्रश्नाचं उत्तर विद्यार्थ्याने स्वतः शोधलं की थर आणि हँडशेक हे दोन धडे त्याच्या मनात पुन्हा वेगळे होत नाहीत.